चार्जिंगला लावलं की येणाऱ्या मुंग्या

लॅपटॉप चार्जिंगला लावलेला आहे, पाय अनवाणी फरशीवर आहेत आणि मनगटाची आतली बाजू लॅपटॉपच्या धातूच्या कडेला सहज घासली जाते. लगेच काहीतरी चुणचुणतं. शॉक म्हणावा इतकं ते जोरदार नसतं, पण दुर्लक्ष करावं इतकं क्षुल्लकही वाटत नाही. गुळगुळीत पत्रा अचानक खरखरीत झाल्यासारखा लागतो, बोट फिरवलं तर आतून काहीतरी गुणगुणतंय असं वाटतं. चार्जर भिंतीवरून काढला की तोच पत्रा पुन्हा काचेसारखा गुळगुळीत. धातूची पाठ असलेल्या फोनला, चार्जिंग केबलच्या टोकाच्या धातूच्या तोंडाला, धातूच्या आवरणाच्या चार्जरला आणि टीव्हीला जोडलेल्या सेट-टॉप बॉक्सलाही हाच अनुभव येतो.

मग घरातला टेस्टर बाहेर निघतो. त्याचं टोक लॅपटॉपच्या स्क्रूला लावून वर बोट ठेवलं की आतला लाल दिवा मिणमिणायला लागतो. वायरमन म्हणतो, ‘बॉडीला करंट येतोय, चार्जर बदला.’ दुकानदार म्हणतो, ‘सगळ्यांचंच असं असतं, काही होत नाही.’ दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे. कोणतं अर्धं आपल्या घरात लागू पडतं, हे चार्जरच्या प्लगला दोन पिना आहेत की तीन, यावर ठरतं. ते समजून घ्यायचं तर आधी चार्जरच्या पोटात डोकवायला हवं.

भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. लॅपटॉपला हवे असतात जेमतेम २० व्होल्ट, तेही एकाच दिशेचे. पूर्वीच्या रेडिओ-टेपच्या अडॅप्टरमध्ये यासाठी लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असायचा. आजचा चार्जर वेगळ्या पद्धतीनं काम करतो. तो भिंतीतली वीज आधी एकदिश करतो, म्हणजे सुमारे सव्वातीनशे व्होल्टची डीसी. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच ती डीसी सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळा किंवा त्याहून जास्त वेळा चालू-बंद करतो आणि ते ठोके एका छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे पाठवतो. ठोके इतके भरभर असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढा, कधी सुपारीएवढा पुरतो. म्हणूनच आजचा चार्जर खिशात मावतो.

या ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे भिंतीची जीवघेणी वीज आणि पलीकडे आपल्या हाताशी येणारी निरुपद्रवी वीज. दोन्हींमध्ये तारेनं थेट जोड नाही, ऊर्जा फक्त चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. दोन्ही बाजूंना वेगळं ठेवणारी ही भिंत म्हणजेच चार्जरची खरी सुरक्षा. इथवर सगळं ठीक. मग मुंग्या कुठून येतात? त्या येतात या भिंतीला मुद्दाम ठेवलेल्या एका खिडकीतून.

त्या खिडकीचं नाव वाय कपॅसिटर. चार्जर उघडलेला पाहिला असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा थोडी मोठी, बहुतेक वेळा निळ्या रंगाची एक चपटी चकती दिसते. तिचा एक पाय भिंतीच्या बाजूच्या सर्किटला जोडलेला असतो, दुसरा पाय लॅपटॉपकडे जाणाऱ्या तारेच्या ऋण टोकाला. आणि लॅपटॉपची धातूची बॉडी आतून त्याच ऋण टोकाला जोडलेली असते. म्हणजे आपण बॉडीला हात लावतो तेव्हा त्या निळ्या चकतीच्या एका पायालाच हात लावत असतो.

इतक्या काळजीनं उभ्या केलेल्या भिंतीला हे भोक का ठेवायचं? कारण ते साठ-सत्तर हजार ठोके. छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही बाजूंच्या तारांची वेटोळी एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर विजेचा थोडा गोंगाट पलीकडे सांडतो. त्याला परत जायला जवळचा रस्ता मिळाला नाही तर तो चार्जिंगच्या केबलमधून, लॅपटॉपमधून, आपल्या अंगातून रस्ता शोधतो. तेव्हा लांबलचक केबल एरियलसारखी वागते आणि शेजारच्या रेडिओवर खरखर सुरू होते. काही स्वस्त चार्जरवर फोन लावला की टचस्क्रीन वेड्यासारखी वागते, बोट एकीकडे आणि अक्षर भलतंच उमटतं. त्यामागे बहुतेक वेळा हाच सांडलेला गोंगाट असतो. वाय कपॅसिटर त्याला जिथून आला तिथंच परत पाठवतो.

कपॅसिटरमधून डीसी आरपार जात नाही, पण मागेपुढे होणारी वीज थोडी पलीकडे जाणवते. नळीच्या मध्ये घट्ट रबरी पडदा बसवला तर पाणी पलीकडे जात नाही, पण एका बाजूनं हिसके दिले की पडदा थरथरतो आणि पलीकडचं पाणीही हलतं, तसंच काहीसं. हिसके जितके भरभर, तितकी पलीकडची हालचाल जास्त. म्हणून साठ हजारांच्या वेगानं येणारा गोंगाट या कपॅसिटरमधून सहज निघून जातो आणि सेकंदाला फक्त ५० वेळा हलणाऱ्या घरच्या विजेला तो प्रचंड अडथळा वाटतो. प्रचंड, पण अनंत नाही. ५० च्या वेगाचा जो किंचित अंश त्यातून झिरपतो, त्याच आपल्या मुंग्या.

किंचित म्हणजे किती, याचा हिशेब करता येतो. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये २.२ नॅनोफॅरडचा वाय कपॅसिटर असणं अगदी नेहमीचं आहे. घरच्या विजेला त्याचा अडथळा सुमारे साडेचौदा लाख ओहम इतका होतो. चार्जरच्या आतल्या रचनेमुळे या कपॅसिटरवर पूर्ण २३० नव्हे, तर सरासरी त्याच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. ११५ ला साडेचौदा लाखांनी भागलं की उत्तर येतं ०.०८ मिलिअँपिअर. अनवाणी पाय ओल्या जमिनीवर ठेवून लॅपटॉप घट्ट धरला, तरी त्या कपॅसिटरमधून अंगात येऊ शकणारी जास्तीत जास्त वीज ही एवढीच. तुमचं अंग ओलं असो की कोरडं, साडेचौदा लाखांच्या अडथळ्यापुढे शरीराचे हजार-दोन हजार ओहम खिजगणतीतही नसतात. वीज किती येणार हे ती निळी चकती ठरवते.

आता हेच मल्टिमीटरनं मोजून पाहिलं तर घाबरगुंडी उडते. मीटरचं एक टोक लॅपटॉपच्या स्क्रूला आणि दुसरं चांगल्या अर्थिंगला लावलं की पडद्यावर १०० ते ११० व्होल्ट दिसतात. टेस्टर पेटलेला असतोच, आता मीटरही तेच सांगतो. पण चांगल्या डिजिटल मीटरचा स्वतःचा अडथळा असतो सुमारे एक कोटी ओहम, म्हणजे तो जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. न ओढता पाहिलं तर कपॅसिटरमागचा दाब पूर्ण दिसणारच. त्याच मीटरच्या दोन टोकांमध्ये दहा हजार ओहमचा एक साधा रेझिस्टर टाकला की ११० चा आकडा धाडकन एका व्होल्टच्याही खाली येतो. मानवी शरीराइतका, म्हणजे दोन हजार ओहमचा रेझिस्टर टाकला तर जेमतेम ०.१६ व्होल्ट उरतात. दाब दिसतो, पण त्यामागे वीज ढकलण्याची ताकद नाही. टेस्टरचंही तसंच. त्यातला निऑनचा दिवा पेटायला इतकी कमी वीज लागते की तो खऱ्या फेजवरही पेटतो आणि या झिरपणीवरही मिणमिणतो. टेस्टर पेटला म्हणजे धोका आहे असं नाही, आणि पेटला नाही म्हणजे धोका नाही असंही नाही. वायरमनच्या खिशातलं हे सर्वांत लाडकं हत्यार या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही.

पण मग एक कोडं उरतं. माणसाला विजेची जाणीव साधारण अर्ध्या मिलिअँपिअरपासून होते असं मानतात. आपल्या हिशेबात वीज त्याच्या सहाव्या हिश्शाएवढी आहे. पायात रबरी चप्पल असेल तर ती आणखी कितीतरी पटींनी घटते. तरीही मुंग्या येतात. कशा?

याचं उत्तर एका जुन्या निरीक्षणात आहे. एडवर्ड मॅलिनक्रॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की दिव्याच्या पितळी होल्डरवर बोट फिरवलं तर दिवा चालू असताना तो बंद असतानापेक्षा कमी गुळगुळीत लागतो. त्यानं ह्यूज आणि स्लीटर या सहकाऱ्यांबरोबर याचा छडा लावला आणि १९५३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. आपल्या कातडीचा सगळ्यांत वरचा थर कोरडा आणि मृत पेशींचा असतो, त्यातून वीज सहजी जात नाही. खाली ओलसर, वीज वाहणारं मांस आणि वर दाब असलेला धातू. मध्ये हा पातळ कोरडा थर. धातूवरचा दाब मागेपुढे झाला की धातू बोटाच्या कातडीला किंचित ओढतो, सोडतो, पुन्हा ओढतो, असं सेकंदाला पन्नास-शंभर वेळा. बोट स्थिर असेल तर हे ओढणं इतकं कमी असतं की काहीच कळत नाही. पण बोट सरकत असेल तर त्या ओढण्याबरोबर घर्षण वाढतं, कमी होतं, आणि कातडी थरथरते. बोटातल्या स्पर्शाच्या नसांना ही थरथर फार चांगली कळते. म्हणजे आपण ज्याला करंट म्हणतो तो बऱ्याचदा करंट नसतोच. तो खरोखरीचा स्पर्श असतो.

हे घरी पडताळून पाहता येतं. दोन पिनांच्या चांगल्या चार्जरवर लॅपटॉप लावा आणि मधल्या बोटाच्या मागच्या बाजूनं झाकणावर अगदी हलकेच बोट फिरवा. गुणगुण जाणवेल. बोट थांबवा, ती थांबेल. बोट दाबून घट्ट फिरवा, ती बरीचशी जाईल. हात धुऊन ओलसर बोट फिरवा, तरीही जाईल, कारण कोरडा थर भिजला. खरा शॉक याच्या अगदी उलट वागतो. हात ओला असेल तर तो वाढतो, घट्ट धरल्यावर तीव्र होतो आणि बोट स्थिर असलं तरी लागतो. शंका आली तर हा फरक आठवावा. मात्र शंका जोराच्या झटक्याची असेल तर ओल्या हाताचा प्रयोग करू नये, भिंतीवरचं बटण बंद करावं.

टोचण्याचा दुसरा प्रकारही आहे आणि तो खऱ्या विजेचा आहे. केबलच्या तोंडाची धारदार कड, झाकणाचा कोपरा किंवा एखादा स्क्रू मनगटाच्या पातळ कातडीला टेकला की तीच ०.०८ मिलिअँपिअर वीज सुईच्या टोकाएवढ्या जागेतून आत शिरते आणि तिथल्या नसेला टोचते. तळहात टेकवला तर तीच वीज मोठ्या जागेवर पसरते आणि काही कळत नाही. म्हणून कोणाला लागतं, कोणाला लागत नाही आणि घरात वाद होतात. पातळ, नाजूक कातडीच्या माणसाला जास्त जाणवतं. पलंगावर पाय वर घेऊन बसलेल्याला कमी जाणवतं आणि शहाबादी फरशीवर अनवाणी उभा राहिलेला ओरडतो.

अमेरिकेतून आलेले नातेवाईक तिकडून आणलेला लॅपटॉप इथं लावतात आणि ‘तिकडे असं होत नव्हतं’ म्हणतात, तेव्हा त्यांचंही खरं असतं. तिकडे भिंतीत १२० व्होल्ट असतात. बॉडीवरचा दाब निम्मा झाला की कातडी ओढण्याचा जोर पावपट होतो, आणि तो जाणवेनासा होतो. लॅपटॉप इथं येऊन बिघडत नाही, इथला दाब दुप्पट असतो.

आता धोक्याचं. हाताची पकड सुटेनाशी होते ती साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे. हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती ३० च्या पुढे सुरू होते, म्हणूनच घरच्या बोर्डातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला वीज तोडेल असा बनवलेला असतो. आपली झिरपण ०.०८. पकडीच्या मर्यादेपेक्षा सव्वाशे पटींनी कमी. चार्जरसारख्या उपकरणांच्या जुन्या आंतरराष्ट्रीय मानकात, आणि त्यावर बेतलेल्या आपल्या आयएस १३२५२ मध्ये, दोन पिनांच्या चार्जरला अशी झिरपण पाव मिलिअँपिअरपर्यंत चालते. म्हणजे नियम करणाऱ्यांना मुंग्या माहीत आहेत आणि त्यांनी त्या मान्य केल्या आहेत.

पण ही सगळी निश्चिंती त्या निळ्या चकतीच्या इमानावर उभी आहे. तीच आतून शॉर्ट झाली तर भिंतीची वीज थेट लॅपटॉपच्या बॉडीवर येईल. म्हणून तिथे कुठलाही कपॅसिटर चालत नाही. त्या जागी वाय-वन वर्गाचा कपॅसिटर लागतो, जो ८,००० व्होल्टचे क्षणिक धक्के सोसण्याच्या चाचणीतून गेलेला असतो आणि बिघडलाच तर शॉर्ट न होता उघडा पडावा असा बनवलेला असतो. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या आजूबाजूला, सर्किटच्या पट्टीवर, भिंतीची बाजू आणि आपली बाजू यांच्यात पाच-सहा मिलिमीटरचं अंतर मोकळं ठेवलेलं असतं. ठिणगी पडून वीज उडी मारू नये म्हणून.

रस्त्याकडेच्या टपरीवर शंभर-दीडशे रुपयांना मिळणाऱ्या बिननावाच्या चार्जरमध्ये नेमकं इथंच हात आखडलेला असतो. वाय-वनऐवजी रेडिओ दुरुस्तीत वापरतात तसा साधा सिरॅमिक कपॅसिटर, पाच-सहा मिलिमीटरऐवजी नखाच्या जाडीएवढं अंतर, आणि ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमध्ये चिकटपट्टीचा एखादाच थर. बाहेरून तो हुबेहूब खरा दिसतो आणि महिनोन्महिने नीट चालतोही. त्याच्या मुंग्या चांगल्या चार्जरच्या मुंग्यांपेक्षा वेगळ्या लागतीलच असं नाही, काही वेळा कपॅसिटरच गाळलेला असल्यामुळे लागतही नाहीत. एखाद्या पावसाळी संध्याकाळी वीज कडाडून तारांत दाब उसळतो, अंतर ओलांडून ठिणगी पडते आणि मग कुठला हिशेब उरत नाही. नकली आणि बिनकंपनीच्या चार्जरविषयी अशी चिंता वाढली तेव्हा अॅपल कंपनीनं २०१३ च्या ऑगस्टमध्ये लोकांकडून असे चार्जर परत घेऊन खरे चार्जर सवलतीत देण्याची योजनाच काढली होती.

चार्जर खरा की खोटा हे मुंग्यांवरून कळत नाही, लेबलवरून थोडंफार कळतं. दोन पिनांच्या चार्जरवर चौकोनात चौकोन असं चिन्ह हवं. त्याचा अर्थ आतलं आवरण दुहेरी आहे, अर्थिंगची गरज नाही. त्याच्या जवळ आयएसचा क्रमांक आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षरानं सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक हवा. हा क्रमांक बीआयएस केअर या सरकारी अॅपमध्ये टाकला की तो कोणत्या कंपनीच्या कोणत्या वस्तूसाठी दिलेला आहे ते दिसतं. नकली माल बनवणारे दुसऱ्याचा क्रमांक छापतात, पण अॅपमध्ये निघालेली कंपनी आणि चार्जरवरचं नाव जुळत नसेल तर तेवढं पुरे आहे.

आतापर्यंतचं सगळं दोन पिनांच्या चार्जरचं होतं. लॅपटॉपच्या पुष्कळ चार्जरना तीन पिनांचा प्लग असतो, आणि तिथं मुंग्यांचा अर्थ पार बदलतो. तिसरी, वरची जाड पिन म्हणजे अर्थिंग. अशा बहुतेक चार्जरमध्ये लॅपटॉपकडे जाणारं ऋण टोक या पिनेला जोडलेलं असतं. वाय कपॅसिटरमधून झिरपलेली सगळी वीज या तारेनं गुपचूप जमिनीत जाते आणि बॉडीवर दाब उरतच नाही. अर्थिंग जिवंत असेल तर अशा लॅपटॉपला मुंग्या येऊच नयेत. येत असतील तर लॅपटॉप तुम्हाला सांगतोय की भिंतीतल्या सॉकेटचं वरचं भोक नुसतंच भोक आहे, त्यामागे तार नाही किंवा तुटलेली आहे. त्याच सॉकेटवर उद्या वॉशिंग मशीन, फ्रिज किंवा गीझर लागणार असतो. त्यांच्या आत एखाद्या तारेचं आवरण उघडं पडलं तर वीज जमिनीत जाऊन फ्यूज उडायला हवा. अर्थिंग नसेल तर ती पत्र्यावर तुमची वाट पाहत राहते, आणि तिथं साडेचौदा लाख ओहमचा कोणी राखणदार नसतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटला बसवण्यासाठी दहा-वीस रुपयांचा जोड मिळतो, तो लावणं म्हणजे अर्थिंग स्वतःच्या हातानं कापणं. घरातला डेस्कटॉप संगणक असा अर्थिंगशिवाय चालत असेल तर त्याच्या पत्र्याच्या डब्याला लॅपटॉपपेक्षा कितीतरी जोरानं चुणचुणतं, कारण त्याच्यातले कपॅसिटर अर्थिंग असेल या भरवशावर मोठे घातलेले असतात.

अर्थिंग गेलेलं असतं ते अनेक प्रकारे. जुन्या चाळीत आणि वाड्यात मुळात दोनच तारा ओढलेल्या असतात. नव्या इमारतीत हिरवी तार बोर्डापर्यंत येते, पण एखाद्या सॉकेटमागे स्क्रू ढिला राहून गेलेला असतो. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घातलं नसेल तर जमीन सुकते आणि अर्थिंग असूनही ते कामाचं राहत नाही. त्यामुळे अर्थिंग तपासताना नुसता मल्टिमीटर पुरत नाही. फेज आणि अर्थिंग यांच्यात मीटर २३० व्होल्ट दाखवेल, पण मघाशी पाहिलं तसं, मीटर वीज ओढतच नाही. हजारो ओहमचा गंजलेला जोड त्याला चांगलाच वाटतो. जुने वायरमन फेज आणि अर्थिंग यांच्यात १०० वॉटचा पिवळा बल्ब लावून पाहतात. तो फेज-न्यूट्रलवर जितका उजळ पेटतो तितकाच इथंही पेटला पाहिजे. मंद पेटला तर अर्थिंग अशक्त आहे. बोर्डात आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच तो पडेल, तेही शुभलक्षण. हे काम मात्र वायरमननंच करावं.

आणि एका गोष्टीची वायरमनला स्पष्ट मनाई करावी. मुंग्यांची तक्रार केली की काही वायरमन सॉकेट उघडतात, न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थिंगच्या स्क्रूपर्यंत वीतभर तार टाकतात आणि सॉकेट बंद करतात. मुंग्या जातात, टेस्टर विझतो, मीटर २३० दाखवतो, बल्बही लख्ख पेटतो. मालक खूश. पण आता घरातल्या प्रत्येक धातूच्या बॉडीचा आधार न्यूट्रल तारेवर आहे. जुन्या इमारतीत न्यूट्रलचा जोड ढिला होणं ही नेहमीची गोष्ट. तो सुटला त्या क्षणी दिवे-पंख्यांमधून आलेली पूर्ण २३० व्होल्टची वीज परतीचा रस्ता न मिळाल्यामुळे फ्रिजच्या दारावर येऊन थांबते. ही चोरी ओळखायची एक युक्ती आहे. त्या सॉकेटवर इस्त्री किंवा हीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातला दाब मोजायला सांगा. खऱ्या अर्थिंगवर भार चालू असताना तिथं थोडा, व्होल्ट-दोन व्होल्ट दाब दिसतो. भार असूनही अगदी शून्यच दिसला तर सॉकेट उघडून पाहायला लावा.

एक छोटी गोष्ट राहिली. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप, होम थिएटर अशी चार-पाच दोन पिनांची उपकरणं केबलनं एकमेकांना जोडली की सगळ्यांची झिरपण एकत्र येते. अशा जोडणीत टीव्हीच्या मागे केबल घालताना हाताला चांगलंच टोचतं आणि कधी बारीक ठिणगीही दिसते. माणसाला त्यानं काही होत नाही, पण एचडीएमआयचा पोर्ट जाऊ शकतो. म्हणून आधी सगळ्या केबली जोडाव्यात आणि मग भिंतीवरची बटणं चालू करावीत.

तर दोन पिनांचा, नोंदणी क्रमांक असलेला, खरा चार्जर बोट फिरवल्यावर गुणगुणत असेल तर तो बदलण्यात पैसे घालू नका. त्रास वाटत असेल तर चप्पल घालून बसा, किंवा कंपनी त्याच चार्जरसाठी तीन पिनांची लांब वायर देत असेल तर ती वापरा. चार्जर चटका बसेल इतका तापत असेल, जळका वास येत असेल, हात झटकन मागे खेचला जाईल असा धक्का बसत असेल किंवा आरसीसीबी वारंवार पडत असेल, तर तो लगेच काढून टाका, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. चार्जिंगला लावलेला फोन न्हाणीघरात नेऊ नका, चार्जर कितीही महागाचा असला तरी. आणि मुंग्या तीन पिनांच्या लॅपटॉपला येत असतील तर चार्जरच्या दुकानात जाऊ नका. वायरमनला बोलवा आणि त्याच्यासमोर घरातलं प्रत्येक सॉकेट बल्ब लावून तपासून घ्या, गीझरच्या सॉकेटपासून सुरुवात करून.